तेलाच्या लाल झारीचा दिवा नेमकं काय सांगतो?

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चिन्ह लागलं तर काय समजायचं? लायसन्सच्या परीक्षेत बरेच शिकाऊ चालक 'इंजिनातलं ऑइल संपत आलंय' या पर्यायावर खूण करतात. बरोबर उत्तर आहे 'ऑइलचा दाब कमी झालाय'. हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही.

इंजिनाच्या खालच्या टाकीतलं, म्हणजे संपमधलं ऑइल पंप जाळीतून ओढतो आणि दाबाने बेअरिंगपर्यंत पोचवतो. तिथे ऑइलचा पातळ थर फिरणारा धातू दुसऱ्या धातूला टेकू देत नाही. या वाटेवर दाबाचा एक स्विच असतो. दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेला की दिवा लागतो. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागलाच पाहिजे. लागला नाही तर दिव्यात, स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये बिघाड आहे. इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत तो विझायला हवा.

समजा, घाट उतरताना प्रत्येक वळणावर दिवा लुकलुकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. बहुधा ऑइलची पातळी खाली गेली आहे. वळणावर उरलंसुरलं ऑइल एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सुरक्षित जागा पाहून गाडी सपाटीवर थांबवा, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा आणि खूण बघा. पातळी 'मिन'च्या खाली असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं ओता, मधे थांबून पुन्हा मोजा. 'मॅक्स'च्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्टने घुसळून फेसाळतं, आणि फेसाने दाब टिकत नाही.

पातळी ठीक आहे, तरी दिवा विझत नाही? मग पंप, तुंबलेली जाळी, झिजलेली बेअरिंग किंवा नुसता खराब स्विच, यांतलं काहीही असू शकतं. मेकॅनिक स्विच काढून तिथे प्रेशर गेज लावतो, तेव्हाच खरं कळतं. तोवर 'स्विचच गेला असेल' म्हणत गाडी दामटू नये. तेलाविना बेअरिंग काही मिनिटांत धरते, त्यामुळे गाडी टो करूनच न्यावी.

पिवळ्या दिव्यांना सहसा एवढी घाई नसते. पिवळं इंजिन-चिन्ह स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तेच चिन्ह लुकलुकत असेल तर मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय, म्हणजे तिथलं इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भयंकर तापतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर लगेच सोडा आणि गाडी कडेला घ्या. तापलेल्या कन्व्हर्टरखाली वाळलेलं गवत नाही ना, तेवढं बघा.