थकीत बिलाची वकिली नोटीस

थकीत बिलाची नोटीस म्हणजे माल घेऊन किंवा काम करून घेऊन पैसे न देणाऱ्या गिऱ्हाईकाला, फोन-मेसेज-चकरा सगळं करून झाल्यावर, कोर्टात जायच्या आधी पाठवलेलं शेवटचं लेखी पत्र. बाजारात याला सरळ "वकिलाची नोटीस" किंवा "डिमांड नोटीस" म्हणतात. खरं तर वकिलाच्याच लेटरहेडवर पाठवली पाहिजे असं काही नाही, दुकानदार स्वतःच्या सहीने पण पाठवू शकतो, पण वकिलाचं पाकीट आलं की समोरचा निदान उघडून वाचतो, म्हणून लोक चार पैसे खर्च करतात. साध्या उधारीच्या दाव्याला नोटीस कायद्याने सक्तीची पण नाही (सरकारी खात्यावर दावा लावायचा असेल तर मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिने आधी नोटीस द्यावीच लागते). मग पाठवायची कशाला, तर पुढे कोर्टात जे सिद्ध करायचंय ते आत्ताच एका कागदावर तारखांसकट बांधून ठेवायला.

उदाहरण घेऊ म्हणजे नीट कळेल. साताऱ्यातलं एक प्लायवूडचं दुकान, गिऱ्हाईक पुण्यातला इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर. 14 ऑगस्ट 2023 ला 6,40,000 रुपयांचा माल गेला, त्यातले 1,60,000 ॲडव्हान्स आलेले, बाकी 4,80,000 तीस दिवसांत द्यायचे ठरलेले म्हणजे मुदत 13 सप्टेंबर 2023. त्यानंतर "गणपती होऊ दे", मग "दिवाळीनंतर बघू", मग "साईटचं पेमेंट अडकलंय", मग फोनच उचलायचा बंद. जून 2025 मध्ये दुकानदार वकिलाकडे गेला आणि वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो रकमेचा नव्हताच, तो होता "बिल नक्की कोणाच्या नावाने फाडलंय?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. बोर्डावर असतं "अमुक इंटिरियर्स", पण ते एका माणसाचं प्रोप्रायटरी दुकान आहे, भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड, यावर नोटीस आणि दावा कोणावर ते ठरतं. कंपनी असेल तर देणं कंपनीचं, डायरेक्टरने वैयक्तिक हमी दिलेली नसेल तर त्याच्या घरावर जाता येत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की दुकानाच्या नावाबरोबर कायदेशीर नाव पण दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, पण इथे चुकलं की पुढचं सगळंच डळमळतं.

नोटिशीची भाषा ठरलेली असते. "माझे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व सूचनेवरून आपणांस सदरची नोटीस देण्यात येते की..." अशी सुरुवात, मग एकेक परिच्छेदात व्यवहार: ऑर्डर कधी दिली, बिल नंबर, कोणत्या चलनाने माल पोचला, चलनावर माल उतरवून घेणाऱ्याची सही आहे, ॲडव्हान्स किती, बाकी किती, आठवण कधी कधी केली. शेवटी "ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांचे आत" एवढी रक्कम द्या, "अन्यथा आपणाविरुद्ध योग्य ती कारवाई करणे माझे अशिलांना भाग पडेल व त्याचे खर्चास व परिणामास आपण जबाबदार राहाल", आणि सगळ्यात खाली "नोटिशीची स्थळप्रत राखून ठेवली आहे". ऐकायला जुनाट वाटतं, पण यातला व्यवहाराचा भागच खरा माल आहे, बाकी वेष्टन.

व्याजाचं गणित नोटिशीत उघडं मांडावं लागतं. आपल्या उदाहरणात बिलावर द.सा.द.शे. 18 छापलेलं होतं आणि ऑर्डर फॉर्मवर कॉन्ट्रॅक्टरची सही होती, म्हणून 4,80,000 वर वर्षाला 86,400 म्हणजे महिन्याला 7,200, आणि 13 सप्टेंबर 2023 ते 13 जून 2025 या 21 महिन्यांचे 1,51,200. एकूण मागणी 6,31,200. नुसतं बिलाच्या खाली बारीक अक्षरात 18 टक्के छापलंय आणि समोरच्याने कुठेच मान्य केलेलं नाही अशी स्थिती असती तर त्या दरावर वाद झाला असता. दर ठरलेला नसतो तिथे व्याज अधिनियम 1978 चं कलम 3 कामाला येतं, त्यात लेखी नोटिशीत "या तारखेपासून व्याज मागणार" असं कळवलं की कोर्ट त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं, पण दर बँकेच्या ठेवीच्या आसपासचा. म्हणजे इथे नोटिशीतली एक ओळ खरोखर पैसे मिळवून देते.

सगळ्यात मोठा गैरसमज मुदतीचा. लोकांना वाटतं नोटीस पाठवली म्हणजे केस जिवंत राहिली. तसं नाही! मुदत अधिनियम 1963 प्रमाणे उधारीची मुदत संपल्यापासून तीन वर्षं, म्हणजे इथे सप्टेंबर 2026 च्या मध्यापर्यंत, आणि तुम्ही दहा नोटिसा पाठवल्या तरी हा काटा एक दिवस पण मागे जात नाही. मागे जातो तो समोरच्याच्या कबुलीने: मुदतीच्या आत त्याने लेखी, सहीनिशी "तुमचं देणं आहे" असं मान्य केलं तर कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. म्हणून नोटिशीला आलेलं उत्तर जपून ठेवायचं. "रक्कम मान्य आहे पण हप्ते करून द्या" असं उत्तर आलं तर वकील मनातल्या मनात खूश होतो.

व्हॉट्सॲपवरचं "देतो ना साहेब, पुढच्या महिन्यात" हे पण पुराव्यात येतं, फक्त स्क्रीनशॉट काढून चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तो फोन विकून टाकायचा नसतो. आपल्या दुकानदाराने मधेच हँडसेट बदलला होता, जुना पोराला दिला होता, पोराने रिसेट मारलेला. नशीब, ईमेलवर एक स्टेटमेंट गेलेलं आणि त्याला "ओके" आलेलं.

पाठवायची ती पोचपावतीसह, आपल्या उदाहरणात रजिस्टर पोस्टाने (2025 मध्येच पुढे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं). पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आलं तर घाबरायचं नाही, पत्ता बरोबर असेल तर कोर्ट ते पोचलं असंच धरून चालतं, आणि तो परत आलेला लिफाफा न फोडता तसाच ठेवायचा. "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मात्र वाईट, तेव्हा नवीन पत्ता शोधून परत पाठवावी लागते.

रागाच्या भरात नोटिशीत "फसवणुकीचा गुन्हा दाखल करू, अटक करवू" असं लिहायचा मोह होतो. नुसतं बिल थकवणं हा गुन्हा नाही, सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा दाखवावा लागतो, त्यामुळे अशी धमकी दिसली की समोरचा वकील त्याच ओळीला धरून बसतो. चेक बाऊन्स झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कलम 138 ची स्वतंत्र नोटीस, बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत, आणि त्यात चेकचीच रक्कम नेमकी मागायची, जुनं व्याज-बिज त्यात कालवलं की नोटीस बाद व्हायची भीती.

15 दिवस गेले, उत्तर नाही, मग लगेच दावा? इथे नाही. रक्कम 3 लाखांच्या वर आणि व्यवहार व्यापारी, त्यामुळे तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. हे सक्तीचं आहे असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलं, अर्ज न करता टाकलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजत नाहीत. आपल्या प्लायवूडवाल्याने अर्ज केला, पहिल्या तारखेला कॉन्ट्रॅक्टर आलाच नाही, दुसऱ्या तारखेला आला आणि पहिलंच वाक्य बोलला, "माल खराब होता." एकवीस महिन्यांत हे पहिल्यांदाच, आणि नोटिशीच्या सहाव्या परिच्छेदात आधीच लिहून ठेवलेलं होतं की मालाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.