पार्श्वभूमी : अंदाजपत्रकापुढची शब्दसूची आणि त्यातली दीड पानाची नोंद

वडोदऱ्यातल्या आमच्या संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक नव्या कार्यकारिणी सदस्यांच्या हाती पडतं तेव्हा सुरुवातीला आकडे नसतात, शब्दसूची असते. ‘घसारा’, ‘येणे’, ‘आगाऊ’ यांना एकेक ओळ मिळाली आहे. ‘निधी’ या एकाच नोंदीला मात्र दीड पान गेलं आहे. पहिल्याच सभेत कुणीतरी त्याबद्दल विचारतं, म्हणून हे टिपण.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढच्याच वर्षीचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथल्या संस्थांना लागू झाला आणि १९६० नंतर गुजरातमध्येही टिकला. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची आहे, ती म्हणजे ताळेबंदाचा ठरलेला नमुना, अनुसूची आठ. त्यात डाव्या बाजूला वर ‘ट्रस्ट फंड किंवा कॉर्पस’, त्याखाली विशिष्ट कामासाठी बाजूला काढलेले निधी (राखीव निधी यांतलाच एक), मग कर्जं आणि देणी. भाड्याची आणि इतर डिपॉझिटं देण्यांमध्ये येतात. उजवीकडे इमारत, गुंतवणूक, फर्निचर, येणं, रोकड आणि बँक. हा नमुना स्वच्छ आहे. घोळ झाला तो भाषेमुळे.

आमचे हिशेब इंग्रजीत लिहिले जातात, कार्यालयातला पत्रव्यवहार गुजरातीत होतो आणि सभा मराठीत. गुजरातीत ‘अनामत फंड’ म्हणजे राखीव निधी. मराठी माणसाला अनामत म्हणजे परत करायची रक्कम, म्हणजे सभागृह घेताना वधूपक्षाने भरलेली आणि कार्यक्रमानंतर तुटफूट वजा करून परत न्यायची. त्यामुळे एकाच शीर्षाखाली अर्धी कार्यकारिणी संस्थेची शिल्लक पाहत होती आणि उरलेली अर्धी संस्थेचं देणं. सभागृहाच्या डिपॉझिटांची रक्कम ‘अनामत आहे की आपल्याकडे’ असं म्हणत खर्चाच्या तरतुदीत धरली गेल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. पहिली शब्दसूची त्यातूनच निघाली. तिच्यात ‘अनामत’ हा शब्द बादच केला. परत करायच्या रकमेसाठी ‘डिपॉझिट’ आणि बाजूला काढलेल्या पैशासाठी ‘राखीव निधी’ हे दोनच शब्द ठेवले. काही ज्येष्ठांना हे शुद्ध मराठी वाटलं नाही. वाटू दे.

तेवढ्यावर नोंद चार ओळींत संपली असती. ती वाढली स्थायी निधीमुळे. स्थायी निधी म्हणजे कॉर्पस. देणगीदाराने ‘ही रक्कम कॉर्पससाठी’ असं स्पष्ट लिहून दिलेलं असतं, मुद्दल तसंच ठेवायचं असतं आणि खर्चायचं ते फक्त व्याज. सभागृहाचं छत गळायला लागलं तेव्हा मुदत ठेवींत पडलेल्या या मुद्दलाला हात लावायचा का, हा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं होतं की छतच गेलं तर सभागृहाचं भाडं जाईल आणि निधी राखून उपयोग नाही. दुसरी बाजू म्हणाली की देणगीदाराच्या लेखी इच्छेपुढे छत दुय्यम. अखेर बहुमताने ‘उचल’ घ्यायचं ठरलं. माझं मत दुसऱ्या बाजूचं होतं, ते लपवत नाही. पण पहिल्या बाजूचा खरा दोष भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. सूचीतलं उदाहरण त्यावरच आहे. त्यात आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत.

समजा वर्षाचं उत्पन्न ३० लाख. यात भाडं, वर्गणी, साध्या देणग्या आणि स्थायी निधीच्या ठेवींवरचं व्याजही येतं. मुद्दल स्थायी असलं तरी व्याज साधं उत्पन्नच असतं, हे अनेकांना माहीत नसतं. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे करमाफी टिकवायची तर यातले ८५ टक्के, म्हणजे साडेपंचवीस लाख, त्या वर्षी संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च झाले पाहिजेत. एकूण खर्च २९ लाख झाला. खजिनदार निश्चिंत. पण त्यातले छताचे १२ लाख स्थायी निधीतून गेलेले होते आणि २०२१च्या वित्त कायद्याने कॉर्पसमधून केलेला खर्च या ८५ टक्क्यांत धरणं बंद केलं. धरता येण्याजोगा खर्च उरला १७ लाख. साडेआठ लाख कमी पडले.

वाट होती. न खर्चलेली रक्कम ठराविक कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवतो, असं सांगणारा ठरलेला फॉर्म मुदतीत भरायचा आणि ती रक्कम कायद्याला मान्य गुंतवणुकीत ठेवायची. मुदत चुकली तर मात्र कर बसतो. उचललेले १२ लाख परत स्थायी निधीत टाकले की तो परतावा त्या-त्या वर्षीचा खर्च म्हणून धरला जातो, पण तो त्याच वर्षाच्या उत्पन्नातून झाला पाहिजे. साठवून ठेवलेल्या साडेआठ लाखांतून तो भागवता येत नाही. २०२३मध्ये यावर आणखी एक अट आली. ज्या वर्षी उचल झाली ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत परतफेड व्हायला हवी. २०२१-२२मधली उचल असेल तर मार्च २०२७ ही शेवटची वेळ. वर्षाला तीन लाख म्हटलं तर चार वर्षांत भागतं, पण त्या चार वर्षांच्या अंदाजपत्रकांत ही ओळ आधीपासून लिहिलेली असावी लागते. आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी ती गळली होती, कारण ठराव एका वहीत होता आणि अंदाजपत्रक बनवणारे नवे होते.

म्हणून सूचीत ‘स्थायी निधीतून उचल’ ही वेगळी पोटनोंद आली आणि तिच्याखाली रक्कम, वर्ष आणि परतफेडीची अखेरची तारीख यांचे रकाने. उचल न म्हणता ‘खर्च’ म्हणा, असा आग्रह अजूनही होतो. तसं लिहिलं तर परतफेडीचा प्रश्नच दिसेनासा होतो, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

नव्या सदस्याने एवढंच पाहावं. डावीकडचा स्थायी निधीचा आकडा घ्यावा आणि उजवीकडे त्या नावाने ठेवलेल्या मुदत ठेवींची बेरीज करावी. ठेवी कमी भरल्या तर फरक कुठे गेला ते विचारावं. उत्तर ‘छतात’ किंवा ‘खुर्च्यांत’ असं येईल, तर लगेच परतफेडीची तारीख विचारावी. ठेवी वेगळ्या नावाने नसून सगळ्या एकत्रच असतील तर ही पडताळणी करता येत नाही. ठेवी वेगळ्या नावाने आहेत, असं सूचीच्या आधीच्या आवृत्तीने गृहीतच धरलं होतं. आताच्या आवृत्तीत ठेवींच्या पावत्यांची यादी निधीनिहाय जोडलेली आहे.

सभागृहाच्या डिपॉझिटांचं खातं अजून चालू खात्यातच मिसळलेलं आहे. ते वेगळं काढण्याचा प्रस्ताव दोनदा मांडला गेला, दोन्ही वेळा ‘पुढच्या सभेत’ गेला. तोवर बँकेची शिल्लक वाचताना तेवढी रक्कम मनातून वजा करायची.