‘मला चहा आवडते’ का चुकतं?

मराठी शिकणाऱ्या बायकांच्या तोंडी हे वाक्य बऱ्याचदा येतं. कारण सरळ आहे. ‘मी जाते’, ‘मी बसते’ शिकल्यावर बोलणारी बाई म्हणून ‘आवडते’ असं वाटणारच. पण ‘मला’मध्ये ‘ला’ आहे, आणि प्रत्यय लागलेल्या शब्दाशी मराठी क्रियापद जुळत नाही. ते विनाप्रत्यय नाम शोधतं. इथे ते ‘चहा’ आहे, पुल्लिंगी. म्हणून बाई असो वा पुरुष, ‘मला चहा आवडतो’, ‘मला कॉफी आवडते’, ‘मला आंबे आवडतात’. व्याकरणातला पुरुष, म्हणजे मी-तू-तो हा भेद, तोसुद्धा जुळतो: ‘मला तू आवडतोस’.

‘वाटणे’चंही तेच. आनंद वाटतो, भीती वाटते. ‘मला वाईट वाटतं’ किंवा ‘मला वाटतं तो येईल’ यांत जुळायला नामच नाही, तेव्हा क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जातं. ‘मला पोहायला आवडतं’ तसंच.

मग ‘पाहिजे’ लिंगानुसार का बदलत नाही? ‘आंबा पाहिजे’, ‘कैरी पाहिजे’, पण ‘आंबा हवा’, ‘कैरी हवी’. याचं उत्तर जुन्या मराठीत आहे. तिथे ‘-इजे’ लावून कर्मणी रूप होत असे: ‘करिजे’ म्हणजे केलं जातं, ‘बोलिजे’ म्हणजे बोललं जातं. हा प्रत्यय प्राकृतातल्या ‘-इज्ज’चा वंशज. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिलं जातं’. जे पाहिलं जातं ती वस्तूच तिथे कर्त्याच्या जागी, म्हणून क्रियापद अजूनही वस्तूशीच जुळतं.

‘आवडतो’मधला ‘त’ जुन्या धातुसाधितातून आला. धातुसाधित विशेषणासारखं वागतं, म्हणून त्याला लिंग. ‘पाहिजे’ मात्र थेट जुन्या वर्तमानकाळाचं रूप आहे, आणि त्या काळाला वचन आणि पुरुष होते, लिंग नव्हतं. शाळेत शिकलेला रीतिभूतकाळ याच वर्तमानकाळातून आलाय. ‘तो करी, तू करीस, ते करीत’ याशेजारी ‘तो पाहिजे, तू पाहिजेस, ते पाहिजेत’ ठेवून बघा, शेवट तेच आहेत. म्हणून ‘मला दोन तिकिटं पाहिजे’ असं ऐकू आलं तरी प्रमाण लेखनात ‘पाहिजेत’ लिहावं. ‘त्याने पोळ्या केल्या पाहिजेत’ यातही ‘पोळ्या’मुळे दोन्ही क्रियापदं अनेकवचनी होतात.

‘मला’ या रचनेत अहंकार गळून पडतो, मराठी माणूस नम्र असल्याची ती खूण, असं काही जण सांगतात. तसं काही नाही. कानडीत ‘ननगे बेकु’ (मला पाहिजे) आणि जर्मनमध्ये ‘मिर गेफेल्ट’ (मला आवडतं) असंच आहे. आवडणं, वाटणं, लागणं ही आपण ठरवून केलेली कामं नसतात, आणि अशा अनुभवांसाठी कित्येक भाषांनी ही रचना वापरली आहे.

तरी ‘मला’ वाक्यात नुसता पाहुणा नाही. ‘बातमी ऐकून तिला भीती वाटली’ यात बातमी कोणी ऐकली? भीतीने नव्हे, ‘तिला’ने. ‘-ऊन’ची क्रिया सहसा कर्त्याकडे जाते, इथे ती ‘ला’ लागलेल्या व्यक्तीकडे गेली. म्हणजे जुळणी ‘भीती’शी आणि कर्तेपण ‘तिला’कडे, अशी कामाची वाटणी झाली आहे.