शाश्वततेविरुद्धचा नियम आणि अजन्म्या व्यक्तीच्या लाभासाठी हस्तांतरण

मालमत्तेचा हक्क किती काळ अधांतरी ठेवता येतो याची मर्यादा घालणारा भारतीय कायद्यातील नियम. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १४ मध्ये तो आहे. अजून जन्मलाच नाही अशा व्यक्तीला मालमत्ता कशी देता येईल, हे त्याच्या शेजारचे कलम १३ सांगते. मृत्युपत्रासाठी अशाच तरतुदी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११३ आणि ११४ मध्ये आहेत. बक्षीसपत्रात या दोन्ही नियमांची कसोटी एकाच वाक्यात लागते आणि चूकही बहुतेक वेळा तिथेच होते, म्हणून ही नोंद बक्षीसपत्राच्या अंगाने लिहिली आहे.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विधुर आजोबांची आंब्याची बाग आहे. बाग त्यांच्या स्वकष्टाची आहे, वडिलोपार्जित नाही. त्यांना एक मुलगा आणि दोन विवाहित मुली आहेत. मुलाचे लग्न व्हायचे आहे. आजोबा दोन साक्षीदारांसमक्ष नोंदणीकृत बक्षीसपत्र करतात. त्यात लिहितात : ‘बाग मुलाने हयातीपर्यंत उपभोगावी. त्याच्यामागे त्याच्या पहिल्या अपत्याने वयाची २५ वर्षे पूर्ण केल्यावर ती त्याच्या पूर्ण मालकीची व्हावी. तसे न झाल्यास बाग माझ्या पुतण्याला मिळावी.’ मुलगा बक्षीस स्वीकारतो.

नातवंडाला थेट बक्षीस का देता आले नाही, हा पहिला प्रश्न. कलम ५ प्रमाणे हस्तांतरण जिवंत व्यक्तीलाच होते आणि कलम १२२ प्रमाणे बक्षीस देणाऱ्याच्या हयातीतच ते घेणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी स्वीकारावे लागते. जो अस्तित्वातच नाही त्याच्याकडे मालकी जाणार तरी कशी? त्याचा जन्म होईपर्यंत मालमत्ता कोणाच्या तरी हाती हवी. म्हणून कलम १३ आधी जिवंत व्यक्तीचा हक्क निर्माण करायला लावते. आजोबांनी मुलाला हयातीपुरता हक्क दिला, तो यासाठीच. हेच काम विश्वस्त नेमूनही करता येते. आईच्या पोटातले मूल मात्र या कामापुरते जन्मलेलेच धरले जाते.

कलम १३ ची दुसरी अट अधिक कडक आहे. अजन्म्या व्यक्तीला द्यायचे तर देणाऱ्याकडे जे काही उरले आहे ते सगळे द्यावे लागते. अजन्म्या नातवाला पुन्हा हयातीपुरता हक्क आणि त्याच्यामागे पणतवाला मालकी, अशी साखळी चालत नाही. औध न्यायालयापुढचे गिरजेश दत्त विरुद्ध दाता दीन हे १९३४ चे प्रकरण याच मुद्द्याचे आहे. एका बाईने पुतण्याच्या मुलीला हयातीपुरती मालमत्ता दिली. पुढे त्या मुलीच्या मुलग्यांना पूर्ण मालकी, मुलगे नसतील तर तिच्या मुलींना विक्रीचा अधिकार नसलेला हक्क आणि संततीच नसेल तर पुतण्याला, अशी योजना होती. ती मुलगी निपुत्रिक वारली. अजन्म्या मुलींना दिलेला हक्क अपुरा असल्याने तो निष्फळ ठरला आणि त्याच्या मागोमाग पुतण्याचाही हक्क गेला. प्रत्यक्षात मुली जन्मल्याच नव्हत्या, तरी निकाल फिरला नाही.

आपल्या आजोबांनी ही चूक केलेली नाही. नातवंडाला त्यांनी पूर्ण मालकी दिली आहे. अडचण आहे ती २५ या आकड्यात. कलम १४ ची मुदत अशी : दस्ताच्या तारखेला जिवंत असलेल्या व्यक्तीची हयात आणि ती संपताना अस्तित्वात असलेल्या, ज्याला मालमत्ता मिळायची आहे त्या व्यक्तीचे अज्ञानपण. या मुदतीत हक्क निहित, म्हणजे त्या व्यक्तीचा पक्का, झालाच पाहिजे. अज्ञानपण १८ व्या वर्षी संपते. म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर जास्तीत जास्त १८ वर्षे, त्यापुढे थांबता येत नाही. मुलगा वारला तेव्हा नातू दोन वर्षांचा असेल, तर २५ पुरी व्हायला २३ वर्षे लागतील. कायदा त्यातली १६ च मान्य करतो.

इथे वाचकाला वाटेल की नातू तेव्हा २७ वर्षांचा असला तर? तरीही उपयोग नाही. पुढे काय घडले हे पाहून कसोटी लावत नाहीत. दस्त झाला त्या दिवशी मुदत ओलांडली जाण्याची शक्यता होती की नाही, एवढेच पाहतात. इंग्लंडने १९६४ च्या कायद्याने ‘थांबून पाहा’ अशी सवलत आणली. भारतीय अधिनियमात ती नाही. मात्र दस्ताच्या दिवशी नातू जन्मलेला असता, तर २५ ची अट निर्धोक होती, कारण ती त्याच्या स्वतःच्याच हयातीत पुरी होणार किंवा होणारच नाही.

परिणाम नातवाला फार महाग पडतो. मुलाचा हयातीपुरता हक्क टिकतो, नातवाचा पडतो आणि कलम १६ मुळे त्यावर अवलंबून असलेला पुतण्याचाही पडतो. उरलेला हक्क आजोबांकडेच राहिला असे मानले जाते आणि त्यांच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो. आजोबांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलगा व दोन्ही मुली यांना प्रत्येकी एक-तृतीयांश. पुढे मुलगाही मृत्युपत्राविना पत्नी व हा एकच मुलगा मागे ठेवून गेला, तर नातवाच्या वाट्याला बागेचा एक-षष्ठांश येतो. आजोबांना मात्र त्याला सगळी बाग द्यायची होती.

हिंदूंना ही वाट मुळात उशिरा खुली झाली. १८७२ च्या टागोर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अजन्म्याला दिलेले दान हिंदू कायद्यात चालत नाही असे ठरवले होते. १९१६ चा हिंदू मालमत्ता विनियोग अधिनियम आणि १९२९ ची दुरुस्ती यांनी स्थिती बदलली. मुस्लिम कायद्याचे नियम कलम २ ने अबाधित ठेवले आहेत. धर्मादाय वा लोकोपयोगी कामासाठी दिलेल्या मालमत्तेला कलम १८ मुळे ही मुदत लागू नाही.

आजोबांचा दस्त सुधारायचा तर दुरुस्ती छोटीच आहे. २५ च्या जागी १८ लिहिले की कलम १४ ची अडचण संपते. वयाची अटच काढली, तर कलम २० प्रमाणे नातू जन्मताच हक्क निहित होतो. ताबा फक्त वडिलांच्या मागे मिळतो. काही मसुद्यांत मधली वाट काढतात : मालकी जन्मतःच, पण ताबा २५ व्या वर्षी. ती अट सहसा टिकत नाही. पूर्ण मालकी देऊन उपभोगावर घातलेला असा निर्बंध कलम ११ खाली निष्प्रभ ठरतो आणि वडील हयात नसतील तर सज्ञान झालेला नातू १८ व्या वर्षीच ताबा मागू शकतो. ‘बाग कधीही विकू नये’ हे वाक्य घातले, तर कलम १० ते निरर्थक ठरवते. मालकी दिल्यावर बाग विकायची की राखायची हे नातवानेच ठरवायचे असते.