पेन्शनची सर्व्हिस ब्रेकमुळे जाते की पैसे उचलल्यामुळे? यामागची पार्श्वभूमी

चिपळूण-खेड पट्ट्यात कुणालाही विचारा, मधे दहा वर्षं नोकरी नव्हती तर आधीची सर्व्हिस पीएफच्या पेन्शनला धरतात का, तर उत्तर एकच येतं, 'छे, ब्रेक पडला की गेलं सगळं'. हे खरं नाही. ब्रेक कितीही मोठा असला तरी तो नुसता मोजला जात नाही, आधीची वर्षं तशीच राहतात आणि पुढच्या नोकरीच्या वर्षांत मिळवता येतात. सर्व्हिस जाते ती नोकरी सोडल्यावर पेन्शनचे पैसे उचलल्यामुळे. आणि एकदा उचलले की परत भरून ती वर्षं जिवंत करायचा रस्ता आज खासगी नोकरीवाल्याला नाही. तो एकदा होता, पण फारच थोड्यांसाठी, आणि म्हणूनच मागचं थोडं सांगायला लागतं.

१ मार्च १९७१ ला फॅमिली पेन्शन स्कीम आली. कामगाराच्या पगारातून १.१६ टक्के, मालकाकडून तितकेच आणि सरकारचेही तितकेच. पण नाव होतं तसंच तिचं काम, म्हणजे माणूस नोकरीत असताना गेला तर घरच्यांना पेन्शन. तो स्वतः धडधाकट निवृत्त झाला तर महिन्याचं काही नाही, एकरकमी थोडे पैसे घ्यायचे आणि गावाला यायचं. गिरणीत राबलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणांनी तेच केलं, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे वर्ष-दीड वर्षात ज्यांची आशा सुटली त्यांनी हिशेब करून पैसे घेतले नि एसटी धरली. त्यांनी काही चूक केली नव्हती, ठेवण्यासारखं त्या स्कीममध्ये होतंच काय?

मग १६ नोव्हेंबर १९९५ ला ईपीएस ९५ लागू झाली आणि पहिल्यांदा कामगाराला स्वतःला म्हातारपणी महिन्याचे पैसे मिळायची सोय झाली. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात, १० वर्षांची सर्व्हिस झाली की वयाच्या ५८ ला पेन्शन. इथेच ती परत भरायची तरतूद होती. १ एप्रिल १९९३ ते १५ नोव्हेंबर १९९५ या काळात जे जुन्या स्कीममधून बाहेर पडले होते त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही घेतलेली रक्कम साडेआठ टक्के व्याजाने परत करा, पैसे मिळाले त्या दिवसापासून पर्याय दिला त्या दिवसापर्यंतचं व्याज, आणि नव्या पेन्शनमध्ये या.

या तारखेबद्दल मला खरंच मनापासून वाईट वाटतं. मार्च १९९३ मध्ये सोडलेला माणूस बाहेर आणि एप्रिलमध्ये सोडलेला आत. संपातून गावी आलेले तर दहा-अकरा वर्षांनी हुकले. कुठेतरी रेघ मारावीच लागते हे मान्य, फंडात पैसे किती येणार नि देणं किती होणार याचा हिशेब असतो. पण व्याजासकट परत भरणाऱ्याकडून फंडाचं नुकसान किती झालं असतं हा प्रश्न राहतोच. सरकारी नोकरीत बघा, सैन्यातून आलेला माणूस नंतर केंद्राच्या नोकरीला लागला तर मिळालेली ग्रॅच्युइटी परत करून, तीही ३६ पर्यंत हप्त्यांत, आधीची सर्व्हिस जोडून घेऊ शकतो. आपल्याकडे घराघरात फौजी आहेत, त्यामुळे ही सोय लोकांना ठाऊक असते आणि कंपनीवाल्यांनाही तशीच असेल असं सगळे धरून चालतात. गोंधळ बराचसा तिथून येतो.

दुसरा गोंधळ 'पीएफ काढला' या शब्दाचा. त्यात दोन वेगळे खिसे आहेत. फॉर्म १९ ने पीएफ निघतो, त्याचा पेन्शनच्या सर्व्हिसशी संबंध नाही. पेन्शनचा फॉर्म १० सी, आणि त्यात दोन पर्याय असतात, पैसे घ्या किंवा स्कीम सर्टिफिकेट घ्या. सर्टिफिकेट घेतलं की वर्षं जपून राहतात, पुढच्या कंपनीत दाखवायची. बऱ्याच ठिकाणी कंपनीचा माणूस दोन्ही फॉर्म एकत्रच पुढे करायचा नि 'इथे सही करा ताई' म्हणायचा, पर्यायावर खूण तोच करून टाकायचा.

माझ्या मावशीचं असंच झालं. लोट्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होती, २००२ ते २००९, पुरी ७ वर्षं. सासू अंथरुणाला खिळली म्हणून सोडलं. तेव्हा पेन्शनला धरायचा पगार जास्तीत जास्त ६५००, आणि पैसे उचलण्याच्या स्कीमच्या तक्त्यात ७ वर्षांना पगाराच्या ७.१३ पट, म्हणजे ४६,३४५ रुपये हातात आले. २०१६ ला परत नोकरी धरली, ५८ पूर्ण होईपर्यंत ५ वर्षं झाली, आता मर्यादा १५,००० ची. १० पुरी नाहीत म्हणून पेन्शन नाही, ५ वर्षांना ५.०२ पट, ७५,३०० रुपये आले नि विषय संपला.

२००९ ला सर्टिफिकेट घेतलं असतं तर? ७ अधिक ५, १२ वर्षं. सूत्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०, पण १ सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांना ६५०० च धरतात आणि नंतरच्यांना १५,०००, हे लोक विसरतात आणि मग पेन्शन कमी का आली म्हणून भांडतात. आधीच्या ७ वर्षांचे ६५०, नंतरच्या ५ चे १०७१, मिळून महिना १७२१ च्या आसपास. फार नाही, मान्य. पण दोनदा मिळून घेतलेली रक्कम होते १,२१,६४५, ती या पेन्शनने सहा वर्षांच्या आतच भरून आली असती आणि पुढचं आयुष्यभर. तिने विचारलं, व्याजासकट भरते, घ्याल का? पीएफ ऑफिसात सांगितलं, तसा फॉर्मच नाही.

म्हणून ज्यांनी जुनी नोकरी सोडून बरीच वर्षं झालीत त्यांनी गेलंच समजून बसू नका, आधी बँकेचं जुनं पासबुक काढा. पीएफ आणि पेन्शनचे पैसे बहुतेक वेळा वेगवेगळ्या रकमेत जमा होतात. एकच रक्कम दिसली तर शक्यता आहे की १० सी भरलाच गेला नव्हता आणि ती वर्षं अजून जिवंत आहेत. जुना पीएफ नंबर घेऊन सर्टिफिकेट मागायचं. यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच नंबर, २०१४ ला आला, त्याआधी प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा, त्यामुळे जुनं खातं नव्याला जोडलेलं नसेल तर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत ते दिसणारच नाही, याचा अर्थ ते नाही असा नव्हे. आणि साडेनऊ वर्षं झाली असतील तर ती १० धरतात, तेव्हा तो माणूस पेन्शनलाच पात्र असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन्शनचे पैसे नोकरी गेल्यावर २ महिन्यांनी मिळायचे ते ३६ महिन्यांनी द्यायचं ठरलं. यावर ओरड झाली, आपलेच पैसे अडवतात म्हणून, आणि हातात काही नसलेल्याला तीन वर्षं थांबा म्हणणं सोपं नाही हे खरंय. पण मावशीसारख्यांना २००९ मध्ये तो मधला वेळ मिळाला असता, तर सही करायच्या आधी कुणीतरी सर्टिफिकेटचं सांगितलं असतं. परत भरायची तरतूद मात्र त्या निर्णयातही नाही.