अध्ययन वक्र (पुनरावृत्त कामांतील)

एकच काम पुन्हा पुन्हा केले की दर नगाला लागणारा वेळ घटत जातो. ही घट एका ठरावीक प्रमाणात होते असे मानून काढलेल्या आलेखाला अध्ययन वक्र, किंवा रोजच्या वापरात लर्निंग कर्व्ह, म्हणतात. कामाचा कालावधी व खर्च आधीच सांगण्यासाठी त्याचा उपयोग होतो. नगांची संख्या दुप्पट झाली की वेळ किती टक्क्यांवर येतो, त्यावरून वक्राला नाव मिळते. ८०% वक्रात पहिल्या नगाला १०० तास लागले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४ आणि आठव्याला ५१.२ तास लागतात. टक्केवारी जितकी कमी तितके शिकणे जलद, हे नवख्याला उलटे वाटते.

उगम. कल्पनेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. मानसशास्त्राचे लेखक हेर्मान एबिंगहाउस यांच्या स्मृतीवरील १८८५ च्या प्रयोगांपासून सुरुवात करतात. विल्यम ब्रायन व नोबल हार्टर यांनी १८९७ मध्ये तारायंत्र चालवणाऱ्यांच्या सरावाचे आलेख मांडले. त्यांत प्रगती मध्येच थबकते आणि पुन्हा सुरू होते असे दिसते. मात्र या दोन्ही अभ्यासांचा विषय माणसाची स्मृती किंवा कौशल्य हा होता, नगाचा खर्च नव्हे. खर्चाचा नियम थिओडोर पॉल राइट यांनी १९३६ मध्ये विमानबांधणीवरील लेखात मांडला. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंशी त्यांची गल्लत होऊ नये.

काही संदर्भग्रंथ हे निरीक्षण त्याही मागे नेतात आणि १९२५ मध्ये राइट-पॅटरसन हवाई तळाच्या प्रमुखाने ते प्रथम नोंदवले असे सांगतात. पण त्या तळाला हे जोडनाव १९४८ मध्ये मिळाले. त्यात विलीन झालेले राइट फील्डसुद्धा १९२७ चे आहे. त्यामुळे ही कथा निदान आहे त्या रूपात स्वीकारणे कठीण आहे. छापील पुराव्याच्या आधारे १९३६ हेच वर्ष धरणे अधिक सुरक्षित.

दोन सूत्रे. सूत्र दिसायला एकच आहे:

```
T(n) = T(1) × n^b
b = log(r) / log(2)
```

येथे r म्हणजे वक्राचा दर. ८०% साठी r = 0.8 आणि b सुमारे −0.322 येतो. प्रश्न T(n) म्हणजे नेमके काय, हा आहे. राइट यांच्या मांडणीत ती पहिल्या नगापासून n व्या नगापर्यंतची सरासरी असते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जे. आर. क्रॉफर्ड यांच्या नावाने रूढ झालेल्या मांडणीत ती फक्त n व्या नगाची वेळ असते. दर तोच ठेवून पद्धत बदलली की उत्तर बदलते, आणि अंदाजपत्रकातील मोठी चूक बहुधा येथेच होते.

उदाहरणार्थ, दोघांची एक जोडी एकसारख्या आठ नियंत्रण पॅनेलांचे वायरिंग करते. पहिल्या पॅनेलला जोडीचे १०० तास गेले आणि दर ८०% आहे असे समजू. क्रॉफर्ड पद्धतीने आठ नगांची बेरीज सुमारे ५३५ तास येते. राइट पद्धतीने सरासरी ५१.२, म्हणजे एकूण ४१० तास. फरक सव्वाशे तासांचा. राइट पद्धतीत दुसरे पॅनेल ६० तासांतच उरकावे लागते, कारण दोन नगांची सरासरी ८० हवी. एका पद्धतीने काढलेला दर दुसऱ्या सूत्रात घातला, तर आकडेमोड अचूक असूनही अंदाज चुकतो. प्रत्येक नगाची वेळ वेगळी नोंदलेली असेल तर क्रॉफर्ड पद्धत अधिक सोयीची, कारण तिच्यात नोंद थेट आलेखावर पडताळता येते.

हे तास घटतात कसे, ते पॅनेलजवळ उभे राहिले की दिसते. पहिल्या वेळी कारागीर दर तारेसाठी आरेखनाकडे वळतो, लांबी मोजतो, फेरूलवरचा क्रमांक वाचतो, टर्मिनल शोधतो. मग ती तार आखूड पडते आणि पुन्हा कापावी लागते. तिसऱ्या-चौथ्या पॅनेलपर्यंत तारा लांबीनुसार आधीच कापून जुड्या बांधल्या जातात. आठव्याला आरेखन बहुतेक वेळ मिटलेले असते. म्हणजे हात जलद होतात हा घटीचा एक भाग. शोधणे, विचारणे आणि चूक निस्तरणे संपते हा दुसरा, आणि बरेचदा मोठा.

कालावधी. काम लवकर संपावे म्हणून याच कामावर दोन जोड्या लावल्या तर? प्रत्येकीला चार पॅनेले येतात आणि दोघी पहिल्या पायरीपासून शिकतात. चार नगांना ३१४ तास लागतात. म्हणून कालावधी ५३५ वरून ३१४ वर येतो, निम्म्यावर (२६७) नाही. मजुरीचे एकूण तास मात्र ५३५ ऐवजी ६२८ होतात. नेहमीच्या भागाकाराने आखलेले वेळापत्रक इथे सुमारे ४७ तासांनी मागे पडते. दुसऱ्या जोडीला पहिलीचा अनुभव आयता मिळाला, जसे की कापायच्या लांबींची तयार यादी, तर ही तफावत कमी होते. पण नाहीशी होईल असे धरू नये.

खर्च. शिकते ती मजुरी. तांबे, खोके आणि विकत घेतलेले भाग नाही. पहिल्या नगाचा खर्च १०० धरला आणि त्यात मजुरी ४० असेल, तर आठव्या नगाला मजुरी २०.५ वर येते आणि एकूण खर्च ८०.५ वर. संपूर्ण किमतीला ८०% वक्र लावला असता आठवा नग ५१ ला दाखवला गेला असता. असा दर देणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच. दुसऱ्या मागणीचाही विचार येथेच होतो. नववे ते सोळावे पॅनेल सलग केले तर सुमारे ३५७ तास लागतात. जुन्या सरासरीने ५३५ धरले तर अंदाज फार चढतो, आठव्या नगाच्या वेळेने ४१० धरले तरी चढाच.

मर्यादा. ज. र. द योंग यांनी १९५७ मध्ये कामाचा न घटणारा भाग वेगळा काढला. यंत्राचे फेरे, वाळण्याचा किंवा ठरावीक चाचणीचा वेळ सरावाने आटत नाही. पहिल्या नगाचे ५० तास असे असतील तर आठवा नग ५१ ऐवजी ७५.६ तासांचा होतो, आणि दुपटीगणिक दिसणारा दर ९०, ९१.१, ९२.२ टक्के असा वर सरकतो. दोन्ही अक्षांवर लॉग मापनश्रेणी असलेल्या कागदावर बिंदू सरळ रेषेत न राहता आडवे होऊ लागले, तर हेच कारण आधी तपासावे. बिंदूंनी अचानक उडी घेतली तर कारागीर बदलला, आरेखन बदलले किंवा काम मध्ये थांबले, असे समजावे.

खंडानंतर किती विसर पडतो यावरील काम तुलनेने कमी आहे. जॉर्ज अँडरलोर यांनी १९६९ मध्ये कामगार, देखरेख, साधने यांसारख्या घटकांत झालेली हानी वेगवेगळी मोजण्याची पद्धत सुचवली. लॉकहीडच्या एल-१०११ विमानाच्या नोंदींत उत्पादन मंदावल्यानंतर नगामागचे तास पुन्हा वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. अंदाजपत्रकात याचा व्यावहारिक अर्थ असा की खंडानंतरचा पहिला नग n + 1 वा न धरता आलेखावर मागच्या एखाद्या क्रमांकावर बसवावा. तो क्रमांक त्याच कामाच्या जुन्या नोंदींवरून ठरतो.