पाइपच्या बेंडवरील बल (संवेग समतोल पद्धत)

वाहते पाणी नळाच्या वळणावर, म्हणजे बेंडवर, जे बल टाकते ते काढण्याची रीत. बेंडच्या आतल्या भिंतीवर दाब जागोजागी वेगळा असतो. तो बिंदूबिंदूला मोजत बसणे शक्य नाही. म्हणून बेंडमधल्या पाण्याभोवती एक काल्पनिक सीमा आखतात. तिला कंट्रोल व्हॉल्यूम म्हणतात. आत काय घडते ते न पाहता, सीमेतून किती संवेग आत आला, किती बाहेर गेला आणि सीमेवर कोणती बले आहेत एवढाच हिशेब मांडतात.

नाशिक शहराला गंगापूर धरणातून उपसलेले पाणी मोठ्या नळांतून मिळते. तशाच एका नळाचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. नळाचा आतला व्यास 1.2 मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला 1.5 मीटर, दाब 600 किलोपास्कल, म्हणजे साधारण 60 मीटर पाण्याच्या स्तंभाइतका. नळ जमिनीला समांतर असून पूर्वेकडे जाता जाता काटकोनात उत्तरेकडे वळतो. छेदाचे क्षेत्रफळ 1.131 चौरस मीटर आणि प्रवाह सेकंदाला 1.70 घनमीटर येतो.

पूर्व दिशेचा हिशेब आधी करू. आत येणारे पाणी पूर्वेकडे संवेग घेऊन येते. बाहेर जाताना त्या दिशेचा संवेग शून्य असतो. मागच्या पाण्याचा दाब त्याला पूर्वेकडे ढकलतो, तर बेंडची भिंत पश्चिमेकडे बल F लावून अडवते:

```
pA − F = ρQ(0 − V)
F = pA + ρQV
```

यात p म्हणजे दाब, A छेदाचे क्षेत्रफळ, ρ पाण्याची घनता, Q प्रवाह आणि V वेग. इथे pA = 679 किलोन्यूटन आणि ρQV = 2.5 किलोन्यूटन. बेरीज सुमारे 681. उत्तर दिशेलाही आकडा तेवढाच येतो. दोन्ही काटकोनात जोडले की 963 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 98 टन वजनाइतके बल होते. पाणी भिंतीवर याच्या उलट बल टाकते, म्हणून बेंड आग्नेयेकडे, कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो. बेंडचा कोन θ असेल तर एकूण बल 2(pA + ρQV) sin(θ/2) असते. 45 अंशांच्या बेंडवर ते 521 किलोन्यूटनवर येते.

इथे विद्यार्थी हमखास दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक बाहेर जाणाऱ्या तोंडावरच्या दाबाची दिशा. पाणी बाहेर जात असले तरी तिथला दाब सीमेच्या आतच ढकलतो. दुसरी चूक म्हणजे निरपेक्ष दाब धरणे. हवेचा दाब बेंडला बाहेरूनही असतो आणि तो आतल्याशी मिटतो, म्हणून गेजवर दिसतो तोच दाब घ्यायचा.

आता त्या 2.5 कडे पुन्हा पाहा. ‘पाणी वळते म्हणून बेंडला धक्का बसतो’ हे वाक्य खोटे नाही, पण या नळात वळण्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. उरलेले सगळे बल दाबाचे आहे, आणि ते पाणी थांबले तरी राहते. त्यामुळे बेंडची खरी कसोटी बहुधा नळ टाकून झाल्यावरच्या दाबचाचणीत लागते. दीडपट, म्हणजे 900 किलोपास्कल दाबाला चाचणी घेतली तर प्रवाह शून्य असूनही बल 1,440 किलोन्यूटन होते. याउलट, बारीक नोझलमध्ये वेग मोठा आणि दाब कमी असतो, तिथे संवेगाचे पद वरचढ ठरते.

रबर रिंग लावलेला सॉकेट-स्पिगट जोड, म्हणजे एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात नुसते सरकवलेला जोड, ताण घेत नाही. आधार नसेल तर तो निसटतो. म्हणून बेंडच्या बाहेरच्या बाजूला काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक बांधतात. मागच्या मातीवर चौरस मीटरला 100 किलोन्यूटन टाकायला परवानगी असेल, तर चाचणीच्या बलासाठी ब्लॉकची पाठ 14.4 चौरस मीटर हवी. नाशिकच्या परिसरात मुरूम आणि काळी माती दोन्ही भेटतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून ब्लॉकपासून सुटते आणि पावसात मऊ पडते, म्हणून तिच्यासाठी मुरमाचा आकडा वापरणे धोक्याचे. ब्लॉक न हललेल्या मातीच्या भिंतीला टेकवूनच ओतावा. मागे भराव टाकून दाबलेल्या मातीवर माझा तरी भरवसा नाही. पुढे केबलसाठी कोणी ब्लॉकमागेच चर खणला तर आधार एका दिवसात जातो. बेंड सरकतोय हे आधी जोडाशी ओल धरल्यावरून आणि ब्लॉकमागच्या जमिनीत उठलेल्या भेगांवरून कळते. चाचणीत ब्लॉकजवळ खुंटी रोवून अंतर मोजत राहिले तर ते त्याआधीच दिसते.

वरचे समीकरण प्रवाह स्थिर असतानाचे आहे. वीज जाऊन पंप अचानक बंद पडला की नळात दाबाची लाट धावते. पोलादी नळात तिचा वेग सेकंदाला सुमारे 1,000 मीटर धरला, तर पाण्याचा वेग 0.5 मीटर प्रतिसेकंद इतका बदलताच दाबात 500 किलोपास्कलचा फरक पडतो. अशा वेळी p च्या जागी लाटेतला सर्वाधिक दाब घालतात. बेंड उभा असेल तर हिशेबात पाणी आणि नळ यांचे वजनही येते; चढावरून सपाटीला वळणाऱ्या बेंडचे बल वर ओढते, आणि तिथे मागची माती नव्हे, मुख्यतः ब्लॉकचे वजनच त्याला धरून ठेवते.